वक्त्याकडून छोटा परिचय आणि नावाचा उच्चार मागवताना पत्रात काय लिहायचं

प्रश्न: आमच्या कार्यक्रमाला बाहेरचे वक्ते येणार आहेत. त्यांच्याकडून छोटा परिचय आणि नावाचा नेमका उच्चार मागवायचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मागच्या वेळी एकांनी चार पानी बायोडेटा पाठवला आणि दुसऱ्यांचं नाव स्टेजवर चुकीचं घेतलं गेलं. पत्रात नेमकं काय लिहू? आणि उच्चार विचारला तर त्यांना वाईट वाटेल का?

उत्तर:

वाईट वाटत नाही. ज्यांचं नाव सहसा चुकतं त्यांना तर कुणीतरी आधी विचारलं याचं बरंच वाटतं, आणि ज्यांचं नाव कधीच चुकत नाही ते एका ओळीत उत्तर देऊन मोकळे होतात. मी बरीच वर्षं संयोजन पण करते आणि निवेदन पण करते, म्हणजे हे पत्र पाठवते मीच आणि त्याचं उत्तर हातात घेऊन माइकसमोर उभी राहते तीही बऱ्याचदा मीच, त्यामुळे कुठल्या पत्राला कामाचं उत्तर येतं आणि कुठल्या पत्राला चार पानी बायोडेटा येतो हे आता पक्कं माहीत झालंय.

चार पानं का येतात ते आधी बघू. "कृपया आपला अल्प परिचय पाठवावा" एवढंच लिहिलं की समोरच्याला कळतच नाही की हा परिचय कुठे जाणार आहे, छापणार आहेत की वाचणार आहेत, कोण वाचणार आहे, किती वेळ वाचणार आहे. मग माणूस काय करतो, कंप्युटरवर तयार पडलेली फाइल जोडतो आणि पाठवून देतो, त्यात त्याची काहीच चूक नाही. "अल्प" म्हणजे एकाला दोन ओळी वाटतात आणि दुसऱ्याला दोन पानं. म्हणून पत्रात लांबी शब्दांत सांगायची आणि तो परिचय मोठ्याने वाचला जाणार आहे हे स्पष्ट लिहायचं. स्टेजवर शांतपणे वाचणारा माणूस मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द वाचतो, म्हणजे 60-70 शब्दांचा परिचय पस्तीस-चाळीस सेकंदात होतो, आणि तेवढाच वेळ श्रोते लक्ष देऊन ऐकतात. छापायला वेगळा हवा असेल तर तो वेगळा मागा, पण एकाच पत्रात तीन लांब्या मागू नका, तीन मागितल्या की एकही नीट येत नाही. मी वाचायचा 60-70 शब्दांचा मागते आणि पोस्टरवर नावाखाली काय लिहायचं ती एक ओळ मागते, बस.

आता उच्चार. इथे सगळ्यात जास्त पत्रं फसतात, कारण प्रश्न असा असतो, "आपल्या नावाचा उच्चार कसा करावा?" आणि उत्तर येतं "जसं लिहिलंय तसंच". त्या माणसाला आपलं नाव सोपंच वाटतं, जन्मापासून ऐकतोय तो, अडचण कुठे आहे हे त्याला दिसणार कसं. अडचण वाचणाऱ्याला असते. म्हणून वाचणाऱ्याने आपली शंका नेमकी सांगायची.

एक उदाहरण घेऊ, बनवलेलंच आहे पण अशी नावं रोज येतात. समजा मेलच्या खाली सही आहे Dr. V. Kale. एवढ्याशा सहीत किती गोष्टी माहीत नाहीत बघा. आडनाव काळे आहे की काले, दोन्ही असतात. V म्हणजे काय, आणि स्टेजवर पूर्ण नाव घ्यायचं की नुसतं व्ही. काळे म्हणायचं. डॉक्टर म्हणायचं का, आणि म्हणायचं तर कुठले डॉक्टर, कारण श्रोते दवाखान्यातले समजून बसतात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे ते आहेत की त्या आहेत हेच माहीत नाही. इंग्रजीत परिचय आला तर पूर्ण परिच्छेद वाचूनही हे कळत नाही, कारण काही जण परिचयात सर्वनाम टाळून नुसतं आडनाव वापरतात, आणि मग निवेदकाला मराठीत बोलताना पहिल्याच वाक्यात "आल्या आहेत" म्हणायचं की "आले आहेत" असा प्रश्न पडतो. मराठीत हे लपवता येत नाही, क्रियापदच उघडं पाडतं. म्हणून परिचय तृतीय पुरुषी मागायचा आणि शक्य असेल तर मराठीतच, म्हणजे वक्ता स्वतःच "त्या काम करतात" किंवा "ते काम करतात" असं लिहून देतो, वेगळा प्रश्न विचारावा लागत नाही.

आणि तोपर्यंत तुमच्या पत्रातही अंदाज लावू नका. "आदरणीय सर" लिहिलं आणि त्या मॅडम निघाल्या की पहिल्याच ओळीत पत्र बिघडलं. "आपण येणार आहात", "आपण पाठवाल का", ही वाक्यं दोघांनाही चालतात, आणि सुरुवातीला सरळ पूर्ण सही जशी आहे तशी लिहायची. मी साधारण असं पत्र पाठवते:

"नमस्कार डॉ. V. Kale,

आमच्या कार्यक्रमात आपण बोलणार आहात याचा खूप आनंद आहे. आपली ओळख निवेदक स्टेजवरून मराठीत वाचून करून देतील, त्यासाठी दोन गोष्टी हव्या आहेत.

पहिली, 60 ते 70 शब्दांचा परिचय, तृतीय पुरुषात, म्हणजे 'त्या… करतात' किंवा 'ते… करतात' असा. आपण सध्या काय करता आणि या विषयाशी आपला संबंध कसा आला एवढं त्यात असलं तरी पुरे. जे वाचलं जाऊ नये असं वाटतं तेही कळवा. पोस्टरवर नावाखाली काय छापायचं ती एक ओळ वेगळी द्या.

दुसरी, आपलं नाव देवनागरीत लिहून द्या, आणि जमलं तर नावाचा छोटा व्हॉइस मेसेज पाठवा: 'नमस्कार, मी' म्हणून पूर्ण नाव, एकदा नेहमीच्या बोलण्यात आणि एकदा सावकाश. आडनाव काळे की काले अशी आम्हाला शंका आहे. स्टेजवर पूर्ण नाव घ्यावं की आद्याक्षर, आणि नावाआधी डॉक्टर म्हणावं का, हे आपल्या आवडीप्रमाणे सांगा.

येत्या शुक्रवारपर्यंत मिळालं तर निवेदकांना सरावाला वेळ मिळेल. वाचायचा अंतिम मजकूर आधी आपल्याला दाखवू."

खाली तुमचं नाव आणि फोन नंबर, आणि जिथे "येत्या शुक्रवार" आहे तिथे खरी तारीख टाका, कारण पत्र कधी उघडलं जाईल सांगता येत नाही.

यात व्हॉइस मेसेज "नमस्कार, मी" ने सुरू करायला का सांगितलंय ते सांगते. नुसतं नाव म्हणा सांगितलं की माणसं ते फार तोडून म्हणतात, प्रत्येक अक्षरावर जोर देऊन, आणि तसं नाव तो माणूस स्वतः कधीच घेत नाही. वाक्यात म्हटलं की खरा उच्चार येतो, जोर कुठे आहे ते कळतं. सावकाश वाला मग अक्षरं पकडायला उपयोगी पडतो. दोन्ही मिळून दहा सेकंद पण लागत नाहीत. लिंक्डइनवर प्रोफाइलमध्ये नावाचा उच्चार रेकॉर्ड करून ठेवायची सोय 2020 मध्ये आली, ती पण दहा सेकंदांचीच आहे, तर पत्र पाठवायच्या आधी तिथे एकदा बघून घ्या, वक्त्याने आधीच ठेवलेला असला तर विचारायचं काम वाचतं, फक्त "आम्ही प्रोफाइलवर ऐकलं तसंच म्हणू ना?" एवढं विचारायचं.

"काळे की काले" असं लिहिलंय ते पण मुद्दाम आहे. "आडनाव काले, बरोबर ना?" असं एकच विचारलं तर सभ्य माणूस "चालेल" म्हणून सोडून देतो, विशेषतः ज्याला आयुष्यभर चुकीचं ऐकायची सवय आहे तो तर हमखास. दोन पर्याय समोर ठेवले की निवडावंच लागतं. आणि दोन्ही पर्याय चुकीचे असतील तर व्हॉइस मेसेजमधून तेही कळतं.

देवनागरीत नाव मागितलं की बरेच प्रश्न आपोआप सुटतात. रोमनमध्ये Rama लिहिलं तर राम, रामा, रमा तिन्ही होऊ शकतात, देवनागरीत तो गोंधळ नाही. पण देवनागरीही पूर्ण पुरत नाही. च आणि ज ला आपल्याकडे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत एकच अक्षर, त्यामुळे च किंवा ज असलेलं अनोळखी आडनाव दिसलं की विचारायचं, चाकातला च की चहातला, जाळ्यातला ज की जेवणातला. हे असं ओळखीच्या शब्दाला धरून विचारलं की मराठी माणूस लगेच उत्तर देतो, दंत्य-तालव्य वगैरे लिहिलं तर अर्ध्यांना व्याकरणाचं पुस्तक उघडावं लागेल.

वक्ते दक्षिणेकडचे असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा, तिकडे रोमनमध्ये th हा बहुतेक वेळा साध्या त साठी लिहितात, थ साठी नाही, कारण त्यांना ट आणि त वेगळा दाखवायचा असतो. म्हणजे Lalitha हे ललिताच, ललिथा नाही, आणि Karthik म्हणजे कार्तिक. आपला निवेदक इंग्रजी कार्डावरून वाचत असेल तर हमखास थ म्हणतो. तसंच तमिळ-मल्याळम नावातला zh दिसला की झ म्हणायचा मोह होतो, तो झ नाहीच, जीभ मागे वळवून म्हणायचा वेगळाच आवाज आहे, मराठी तोंडाला त्यातल्या त्यात जवळचा ळ. कनिमोळी हे नाव रोमनमध्ये Kanimozhi असं लिहितात, त्यावरून अंदाज येईल. आणि या मंडळींच्या नावातलं आद्याक्षर बऱ्याचदा वडिलांच्या नावाचं असतं, आडनाव नसतंच, तेव्हा "आडनाव काय?" असं विचारण्यापेक्षा "स्टेजवर आपल्याला कुठल्या नावाने बोलवू?" असं विचारलेलं बरं.

परदेशी नावांत स्पेलिंगवर अजिबात विसंबू नका. Siobhan हे आयरिश नाव साधारण शि-वॉन असं म्हणतात, जोर वॉनवर, आणि Niamh म्हणजे नीव्ह, हे स्पेलिंगवरून कुणाला सापडेल? चिनी, कोरियन, हंगेरियन नावांत घराण्याचं नाव आधी येतं, पण इंग्रजीत लिहिताना काही जण ते उलटं करतात आणि काही जण करत नाहीत, त्यामुळे कुठला भाग आडनाव आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही. स्पॅनिश नावांत दोन आडनावं असतात आणि निवेदक बिचारा शेवटचंच उचलतो, पण गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचं आडनाव गार्सिया मार्केस, नुसतं मार्केस नाही. अशा ठिकाणी व्हॉइस मेसेजला पर्याय नाही.

आता एक मुद्दा जो फार लोक चुकवतात, पत्रात आपण "योग्य" उच्चार विचारत नाही, "आपल्याला आवडणारा" विचारतोय. हे दोन वेगळे असू शकतात. कमला हॅरिस हे नाव आपल्याला आपलंच वाटतं, आपण सरळ कमला म्हणतो, पण त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय की विरामचिन्हातला कॉमा म्हणा आणि पुढे ला लावा, जोर पहिल्या भागावर. आता संस्कृत शब्द असा नाही म्हणून त्यांना दुरुस्त करायचं का? नाव त्यांचं आहे. आपल्याकडेही असंच होतं, परदेशात वाढलेली मुलं आपलं नाव तिकडच्या वळणाने घेतात, काही घराणी आडनाव गावच्या जुन्या पद्धतीने उच्चारतात आणि काही शहरी पद्धतीने. निवेदकाला "आपल्याकडे असंच म्हणतात" असं वाटत असेल तरी स्टेजवर वक्त्याने दिलेलाच उच्चार म्हणायचा, यावर मी वाद घालूच देत नाही.

उत्तर आलं की अर्धं काम झालं, पण ते उत्तर तुमच्या मेलमध्ये पडून राहिलं तर काहीच उपयोग नाही. नाव चुकतं तेव्हा बहुतेक वेळा वक्त्याने उच्चार कळवलेला असतो, फक्त तो निवेदकापर्यंत पोचलेला नसतो. पत्र एक जण पाठवतो, पोस्टर दुसरा करतो, आणि निवेदकाच्या हातात ऐनवेळी पोस्टरवरूनच उतरवलेलं नाव येतं. म्हणून उत्तर आल्या आल्या एक कार्ड करायचं. आपल्या उदाहरणात समजा उत्तर आलं की आडनाव काळे, बाळातला ळ, स्टेजवर व्ही. काळेच म्हणा, डॉक्टर नको, आणि परिचयात "त्या" आहे. मग कार्डावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात "व्ही. काळे", खाली "ळ बाळातला, डॉक्टर म्हणायचं नाही, त्या", आणि त्याखाली परिचय. परदेशी नाव असेल तर तोडून लिहायचं आणि जोराचा भाग ठळक करायचा. मूळ रोमन स्पेलिंग कार्डावर ठेवूच नका, घाईत डोळा तिकडेच जातो आणि तोंडातून स्पेलिंग बाहेर पडतं. व्हॉइस मेसेज निवेदकाला फॉरवर्ड करायचा, आणि त्याने तो ऐकून उलट स्वतःच्या आवाजात नाव म्हणून पाठवायचं, नुसतं "ऐकलं" असं उत्तर मी धरत नाही.

परिचय 60-70 शब्दांत मागूनही काही वेळा छापील भाषेत येतो. "यांनी भूजलशास्त्रात पीएच.डी. संपादन केली असून त्यांचे अनेक शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत व त्या विविध समित्यांवर कार्यरत आहेत." वाचायला ठीक, ऐकायला काही हाती लागत नाही, श्रोत्याला ही बाई करते काय तेच कळत नाही. अशा वेळी मी त्यांना फोन करून एकच विचारते, "या विषयावर तुम्ही रोज नेमकं काय करता?" आणि त्या उत्तरातून लिहिते. म्हणजे असं काहीतरी होतं: "विहिरींचं पाणी उन्हाळ्यात किती खाली जातं याच्या नोंदी त्या गेली 20 वर्षं ठेवत आहेत. भूजलशास्त्रात त्यांची डॉक्टरेट आहे, आणि विहिरीची पातळी मोजायला त्या गावातल्या लोकांनाच शिकवतात. पाऊस चांगला होऊनही विहीर कोरडी का पडते, हे त्या आज याच नोंदींवरून सांगणार आहेत. आपल्यासमोर येत आहेत, व्ही. काळे." नाव मुद्दाम शेवटी ठेवलंय, नाव आलं की टाळ्या आपोआप येतात आणि वक्त्याला कधी उठायचं ते कळतं. नाव सुरुवातीलाच घेतलं की काही वक्ते तिथेच उठून उभे राहतात आणि पुढचा परिचय संपेपर्यंत अवघडतात. हा बदललेला मजकूर वक्त्याला पाठवून "चालेल" असं लेखी आल्याशिवाय वाचायचा नाही, पत्रात तसा शब्द दिलाय आपण.

उत्तरच आलं नाही तर? कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी पत्र गेलं असेल तर आठवडा उरला की आठवण करायची, पण तेच पत्र परत पाठवू नका. त्यांच्या संस्थेच्या पानावर किंवा आधीच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत जे सापडेल त्यावरून स्वतःच 60 शब्दांचा मसुदा करा आणि "हा असा वाचू का, चूक असेल तिथे दुरुस्त करा" असं पाठवा. कोरा कागद भरायला माणसाला वेळ मिळत नाही, चुकीचं वाक्य दुरुस्त करायला मात्र लगेच मिळतो. फक्त जुन्या पत्रिकांमधली पदं जपून घ्या, माणूस तिथून कधीच बाहेर पडलेला असतो आणि ते पद का सोडलं ही त्याची दुखरी जागाही असू शकते, तेव्हा पदाच्या पुढे "अजून हेच आहे ना?" असं लिहून पाठवायचं. उच्चारासाठी मेलची वाट न बघता सरळ फोन करा, आणि फोन उचलल्यावर ते स्वतःचं नाव सांगतात तेव्हा कान देऊन ऐका, कधीकधी तिथेच उत्तर मिळून जातं.

कार्यक्रमाच्या दिवशी वक्ते आले की निवेदकाची आणि त्यांची दोन मिनिटं भेट घडवायची, आणि निवेदकाने परत विचारत बसायचं नाही, नाव म्हणून दाखवायचं. "मी व्ही. काळे असं म्हणणार आहे," एवढं. चुकत असेल तर ते तिथेच सांगतील. कार्डाच्या तीन प्रती काढा, एक निवेदकाला, एक अध्यक्षांना, आणि एक आभार मानणाऱ्याला, कारण निवेदक नाव बरोबर घेतो, अध्यक्षही सावरून घेतात, आणि शेवटी आभाराला जो उठतो त्याला हे कुणी काही सांगितलेलंच नसतं.